एक पाटा वाढवला, तर नेमके काय वाढते?

नाशिक, सोलापूर किंवा कोल्हापूरच्या वेशीबाहेर महामार्गालगत गॅरेजांची रांग लागते. त्या रांगेत एखादे दुकान फक्त पाट्यांचे असते. टेंपो आणि ट्रकच्या मागच्या चाकांवर कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची जी चवड दिसते, ते हे पाटे. तुटलेला पाटा बदलणे, बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देणे, यू बोल्ट आवळणे ही तिथली रोजची कामे. पण हंगाम आला, कांदा निघाला किंवा विटांची मागणी वाढली, की गाडीमालकांची एक ठरलेली फर्माईश येते : “मिस्त्री, मागे एक पाटा वाढवा.”

पाटा वाढला की गाडीची ताकद वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजायला स्प्रिंगांच्या जोडणीचे दोन नियम आणि वाकणाऱ्या पट्टीतल्या ताणाचे एक सूत्र पुरते.

शेजारी शेजारी आणि एकापुढे एक

स्प्रिंगचा स्वभाव एका आकड्यात सांगता येतो. ती १ मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो, हा तो आकडा. त्याला आपण स्प्रिंगचा कडकपणा म्हणू आणि k हे अक्षर देऊ. भार दुप्पट केला तर दबणेही दुप्पट होते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७८ साली हा नियम छापून मांडला आणि पाट्यांनाही तो चांगला लागू पडतो.

आता दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवून वर एकच फळी टाकली आणि फळी आडवी राहील असा भार दिला, तर दोन्ही सारख्याच दबतात. भार मात्र दोघींत वाटला जातो. ही समांतर जोडणी. इथे कडकपणाची बेरीज होते :

k = k1 + k2

दोघींपैकी एक जास्त कडक असेल, तर भारातला मोठा वाटा ती उचलते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते दोनदा कामाला येणार आहे.

त्याच दोन स्प्रिंगा एकीवर एक उभ्या केल्या तर गणित उलटे होते. वरचा सगळा भार पहिलीतून दुसरीत जातो. वाटणी होत नाही, दोघींनाही पुरा भार सोसावा लागतो. बेरीज होते ती दबण्याची. ही एकसर जोडणी :

1/k = 1/k1 + 1/k2

एकसर जोडणीचा एकूण कडकपणा दोघींतल्या मऊ स्प्रिंगपेक्षाही कमी असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकीला मजबूत केल्याने दुसरीचा भार एक किलोनेही हलका होत नाही.

टेंपोच्या मागच्या चाकाशी या दोन्ही जोडण्या एकत्र नांदतात. चवडीतले पाटे मध्यभागी बांधलेले असतात आणि एकत्र वाकतात, म्हणून ते आपसांत समांतर. एका बाजूचे जोडटायर शेजारी शेजारी उभे, तेही आपसांत समांतर. पण मालाचा भार हौद्यातून चॅसीत, चॅसीतून पाट्यांत, पाट्यांतून एक्सलमध्ये आणि तिथून बेअरिंग, रिम, टायर या वाटेने रस्त्यावर उतरतो. म्हणजे पाट्यांची चवड, एक्सल आणि टायर ही एकसर साखळी आहे.

एका टेंपोचे गणित

मध्यम आकाराचा एक टेंपो घेऊ. मागच्या एका बाजूच्या चवडीवर भरल्या गाडीत २००० किलो भार येतो. चवडीत १० पाटे आहेत, त्यांतले दोन पूर्ण लांबीचे आणि बाकीचे आठ खाली उतरत्या लांबीचे. प्रत्येक पाटा ७० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड. मुख्य पाट्याची लांबी १२०० मिलिमीटर, म्हणजे मधल्या बांधणीपासून टोकापर्यंत ६०० मिलिमीटर. २००० किलोंपैकी निम्मा, म्हणजे १००० किलो भार एका टोकावर आणि निम्मा दुसऱ्या टोकावर.

पट्टी वाकते तेव्हा तिचा एक पृष्ठभाग ताणला जातो आणि दुसरा आवळला जातो. बरोबर मधल्या थरात ना ताण ना दाब. सर्वांत जास्त ओढाताण पृष्ठभागावर असते. तिथल्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती किलोंची ओढ आहे, तो वाकण्याचा ताण. चवडीसाठी त्याचे सूत्र असे :

σ = 6FL / (n·b·t²)

यात F म्हणजे टोकावरचा भार, L म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतची लांबी, n पाट्यांची संख्या, b रुंदी आणि t जाडी. आपले आकडे घातले की उत्तर येते चौरस मिलिमीटरला साधारण ५१ किलो. पाट्याचे पोलाद सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले, कडक करून मग बेताने नरमवलेले असते. चौरस मिलिमीटरला ११० किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताण पडल्याशिवाय ते कायमचे वाकत नाही. मग निम्मी ताकद राखून का ठेवायची? कारण गाडी खड्ड्यात आदळते त्या क्षणी पाट्यावरचा भार दुप्पट होऊ शकतो. तेव्हा ५१ चे १०२ होतात. राखीव दिसणारी निम्मी ताकद रस्ता वापरून टाकतो.

हीच चवड २००० किलोंखाली सुमारे ८८ मिलिमीटर दबते. म्हणजे तिचा कडकपणा मिलिमीटरला साधारण २३ किलो. खालच्या जोडटायरांचा मिळून कडकपणा मिलिमीटरला १६० किलो धरला, तर टायर साडेबारा मिलिमीटर दबतात. एकूण झाले सुमारे १०० मिलिमीटर. साखळीतले जवळपास सगळे दबणे पाट्यांच्या वाट्याला येते, भार मात्र दोघांनाही सारखाच, २००० किलो.

एकच जाड पट्टी का नको?

इथे कुणालाही प्रश्न पडेल की दहा पाट्यांची कटकट कशाला? १०० मिलिमीटर जाडीची एकच अखंड पोलादी तुळई का घालू नये? तिच्यातला ताण चौरस मिलिमीटरला जेमतेम ५ किलो, म्हणजे दहावा हिस्सा. मजबुतीत ती चवडीला सहज हरवते. पण त्याच भाराखाली ती दबते फक्त ०.६ मिलिमीटर. ती स्प्रिंग उरत नाही. खड्ड्याचा प्रत्येक धक्का ती जशाच्या तसा चॅसीत, मालात आणि ड्रायव्हरच्या कण्यात पोचवील.

तीच तुळई दहा सारख्या थरांत कापली आणि थर एकमेकांवर घसरू दिले, तर ती ५९ मिलिमीटर वाकते. म्हणजे शंभरपट. पत्त्यांचा कॅट सहज वाकतो, पण तेच पत्ते डिंकाने चिकटवले तर ठोकळा होतो. त्यातलाच हा प्रकार. दहा थर म्हणजे ताण दहापट आणि लवचिकता शंभरपट. हा सौदा स्प्रिंगेला परवडतो.

उतरत्या लांबीचे कारणही ताणातच आहे. टोकावरचा भार पाट्याला वाकवतो तो मध्यभागी सर्वांत जास्त. टोकाकडे जाताना हे वाकवणे कमी होत होत शून्यावर येते. मग टोकापर्यंत दहाही पाटे नेणे म्हणजे पोलाद वाया घालवणे. आपल्या चवडीतले लोखंड एका सपाट पत्र्याच्या रूपात आणले, तर तो मध्ये ७०० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला दिसेल. त्याच्या पट्ट्या कापून एकावर एक रचल्या की उतरत्या पाट्यांची चवड तयार होते. जिथे वाकवणे जास्त तिथे पाटे जास्त, जिथे कमी तिथे कमी, म्हणून ताण सगळ्या लांबीभर जवळपास सारखा राहतो. वजन कमी होते आणि दबणे ५९ वरून ८८ मिलिमीटरवर जाते. मध्यभागी ताण मात्र तेवढाच, ५१ किलो.

हे सगळे गणित एका अटीवर उभे आहे : पाटे एकमेकांवर घसरले पाहिजेत. मधे गंज आणि चिखल साचून चवड आखडली, की ती हळूहळू त्या अखंड तुळईच्या वाटेला लागते. गाडी रिकामी असताना नको इतकी कडक चालते, करकर वाजते आणि पाट्यांच्या टोकांखाली घासून खाचा पडतात. या घर्षणाचा थोडा उपयोगही आहे. ते गाडीची हेलकावणी शमवते. पण मापात असेपर्यंतच.

मुख्य पाट्याची अडचण

आता ते लक्षात ठेवलेले वाक्य. समांतर जोडणीत जो जास्त कडक, तो जास्त भार उचलतो. आपल्या चवडीतले दोन पूर्ण लांबीचे पाटे टोकापर्यंत एकाच रुंदीचे आहेत. उतरत्या पाट्यांइतकेच वाकायला त्यांना दीडपट भार लागतो. सगळ्यांना वाकायचे तर सारखेच आहे. म्हणून वरच्या दोन पाट्यांत ताण जातो ७० किलोंवर आणि खालच्या आठांत तो ४७ च राहतो. त्यातच वरच्या पाट्याच्या टोकांना गोल कडी वळवलेली असते. ब्रेक लागतो तेव्हाची ओढ आणि वळणावरची पिळवणूक त्याच पाट्यातून जाते. सर्वांत जास्त काम ज्याला, त्याच्यावरच ताणही सर्वांत जास्त.

यावरचा उपाय सुटे पाटे जमिनीवर मांडले की दिसतो. खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकवलेला असतो. सुटे पाटे एकमेकांवर ठेवले तर टोकांशी टेकतात आणि मध्यभागी फट राहते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते. पण मिटताना मुख्य पाटा उलट्या दिशेला थोडा वाकतो आणि आखूड पाटे भाराच्या दिशेला थोडे ताणले जातात. गाडी भरली की मुख्य पाट्याला आधी तो उलटा ताण उतरवावा लागतो, मगच सुलटा चढतो. आपल्या टेंपोत दोन पूर्ण पाटे आणि खालचा आठांचा गठ्ठा यांच्यात मिळून ही फट साधारण २९ मिलिमीटर ठेवली, तर पूर्ण भाराखाली सगळ्या पाट्यांत ताण सारखाच, ५१ किलो येतो.

भट्टीत तापवून अंदाजाने कमान दिलेला पाटा या चवडीत बसवला की हा तोल बिघडतो. कमान कमी पडली तर तो पाटा भार उचलायला उशिरा येतो, जास्त झाली तर शेजाऱ्याला आणि स्वतःलाही विनाकारण ताणतो. शिवाय तापवल्यावर पोलादाची आधीची प्रक्रिया पुसली जाते. ती नीट पुन्हा केली नाही, तर पाटा लवकरच बसतो किंवा काचेसारखा तुटतो. तुटक्या पाट्याला वेल्डिंग मारणेही याच कारणाने वाया जाते. सांधा टिकला तरी शेजारचे पोलाद ठिसूळ होते.

अकरावा पाटा

आता गाडीमालकाच्या फर्माइशीकडे वळू. १० मिलिमीटरचाच अकरावा पाटा, योग्य कमानीचा, नीट बसवला, तर २००० किलोंखाली ताण ५१ वरून ४७ वर येतो आणि चवड ८८ ऐवजी ८० मिलिमीटर दबते. इथवर सगळे ठीक.

पण बहुतेकदा मनात येते की घालायचाच तर जाड पाटा घालू. समजा १३ मिलिमीटरचा घातला. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १.३ चा घन २.२, म्हणजे हा एकटा पाटा सव्वादोन पाट्यांचा भार स्वतःकडे ओढतो. बाकीच्या दहांचा ताण ४२ वर उतरतो. पण सारख्याच वाकण्यात जाड पट्टीचा पृष्ठभाग मधल्या थरापासून जास्त दूर असतो, म्हणून तो जास्त ताणला जातो. जाड पाट्यातला ताण येतो ५५. पूर्वी कुठल्याही पाट्यावर नव्हता इतका. बाकी चवड आरामात आणि सर्वांत दणकट दिसणारा पाटा सर्वांत जास्त ताणात. तो आधी तुटला तर नवल नाही.

खरी गोम त्यापुढे आहे. पाटा वाढवला तो रिकामे फिरण्यासाठी नव्हे. समजा १० मिलिमीटरचे दोन पाटे नीट वाढवले आणि भार २००० वरून २५०० किलोंवर नेला. बारा पाट्यांत ताण येतो ५४, म्हणजे पूर्वीपेक्षा थोडासाच जास्त. चवड दबते ९२ मिलिमीटर. मागून पाहणाऱ्याला गाडी पूर्वीइतकीच उभी दिसते. पाट्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे गाडीला माल झेपला असे वाटते.

पण पाटे फक्त आपसांत समांतर आहेत. पुढचा सगळा रस्ता एकसर आहे. एक्सलवर, त्याच्या बेअरिंगांवर, रिमवर आणि टायरांवर भार पूर्ण पाव पटीने वाढला आणि वाढवलेल्या पाट्यांनी त्यातला एक किलोही उचलला नाही. टायर साडेबाराऐवजी साडेपंधरा मिलिमीटर दबतात, त्यांच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात आणि तापतात. ब्रेकना थांबवायचे वजन वाढले, ब्रेक मात्र तेच. पूर्वी जादा माल भरला की पाटे खाली बसून निदान इशारा देत होते. आता तो इशाराही गेला.

रिकाम्या गाडीचेही हाल वाढतात. या चवडीवर रिकाम्या गाडीचा भार ५०० किलो धरला, तर ती आधीच सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उसळते. भरली असताना हेच प्रमाण दोनच्याही खाली असते. पाटे वाढवले की रिकामी गाडी आणखी ताठ उसळते आणि खराब रस्त्यावर मागची चाके क्षणभर रस्त्याची पकड सोडतात. म्हणूनच कारखान्यातून येणाऱ्या अनेक ट्रकांना मुख्य चवडीवर एक वेगळी छोटी चवड असते, तिला हेल्पर म्हणतात. रिकाम्या गाडीत ती कशालाच टेकत नाही. ठरावीक भारानंतर तिची टोके चॅसीवरच्या आधारांना भिडतात आणि तेव्हापासून दोन्ही चवडी समांतर काम करू लागतात. कडकपणा हवा तेव्हाच मिळतो. ती कंपनीने गाडीच्या एक्सल आणि टायरांचा हिशेब करून घातलेली असते, हा यातला मुख्य फरक.

पाटा कुठे तुटला ते पाहा

तुटलेला पाटा कशाने तुटला ते बहुधा सांगतो. तडा मध्यभागी, सेंटर बोल्टच्या भोकातून गेला असेल, तर आधी यू बोल्ट तपासा. ते घट्ट असतात तेव्हा मधला भाग दगडासारखा आवळलेला राहतो आणि वाकणे भोकापर्यंत पोचत नाही. यू बोल्ट सैल पडला की सर्वांत जास्त वाकणे नेमके तिथे येते, जिथे भोकामुळे पोलाद आधीच कमी आहे. तडा यू बोल्टच्या कडेलगत किंवा टोकाकडे असेल, तर जादा भार, खाचा किंवा गंज यांचा संशय घ्यावा.

भार आल्यावर पाट्याची कमान सपाट होऊ पाहते, म्हणून ताणला जातो तो त्याचा आतल्या बाकाचा, वरचा पृष्ठभाग. तडा बहुधा तिथल्या एखाद्या खड्ड्यातून किंवा ओरखड्यातून सुरू होतो. कारखान्यात याच बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभागात आधीच दाब बसतो आणि तडा उघडायला कठीण जाते. तुटलेल्या तोंडाकडे पाहिले तर काही भाग काळपट, गुळगुळीत असतो आणि उरलेला चकचकीत, खरबरीत. काळपट भाग म्हणजे महिनोन्‌महिने हळूहळू सरकलेला तडा, चकचकीत म्हणजे शेवटच्या धक्क्यात गेलेले पोलाद. काळपट भाग मोठा असेल तर शेवटच्या खड्ड्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दहातला एक पाटा तुटला की उरलेल्या नवांवरचा ताण ५१ वरून ५७ वर जातो. खड्ड्यात तो ११४ होतो, म्हणजे पोलाद कायमचे वाकण्याच्या उंबरठ्यावर. एका तुटक्या पाट्यावर “चालतंय तोवर चालू दे” म्हणणाऱ्याला काही दिवसांत दुसरा पाटा बदलावा लागतो तो यामुळेच.

जुना टेंपो विकत घेताना मागच्या दोन्ही बाजूंचे पाटे मोजा, जाडी पाहा आणि ते आकडे कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. एकही पाटा जास्त आढळला, तर समजा की त्या गाडीचे एक्सल, बेअरिंगे आणि ब्रेक यांनी कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्त ओझे वाहिले असण्याचा दाट संभव आहे. आधी त्यांची तपासणी करून घ्या, आणि किमतीची बोलणी त्यानंतरच करा.